पसरणारा इलेक्ट्रॉन

२७ मे १९२६ रोजी नेदरलँड्समधल्या हार्लेमहून एक लांबलचक पत्र झुरिकला निघालं. लिहिणारे हेन्ड्रिक लोरेन्ट्स तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. इलेक्ट्रॉनचा सिद्धांत ज्यांनी घडवला त्यांच्यापैकी ते एक, आणि १९०२ सालच्या नोबेलचे मानकरी. ज्यांना पत्र लिहिलं ते एर्विन श्रोडिंगर अडतीस वर्षांचे होते. त्यांचं लाटांचं नवं समीकरण प्रसिद्ध होऊन काही महिनेच झाले होते. लोरेन्ट्स यांनी पत्रात नव्या सिद्धांताचं मनापासून स्वागत केलं होतं, पण त्याबरोबर एक अडचणही मांडली होती. ती अडचण अशी होती की तिच्यामुळे श्रोडिंगर यांचं एक आवडतं स्वप्न मोडलं.

ते स्वप्न समजून घेऊ. १९२४ साली लुई द ब्रॉय यांनी आपल्या प्रबंधात मांडलं होतं की प्रत्येक कणाशी एक लाट निगडित असते. तिची तरंगलांबी कणाच्या संवेगावरून, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारावरून ठरते. संवेग जितका मोठा, तितकी तरंगलांबी लहान. श्रोडिंगर यांना वाटत होतं की याच्याही एक पाऊल पुढे जाता येईल. कण असं वेगळं काही नसतंच, जे आहे ते लाटाच आहेत. पुष्कळ लाटा एका जागी जुळून आल्या की त्यांचा एक घट्ट पुंजका तयार होतो, आणि तो पुंजका म्हणजेच आपला इलेक्ट्रॉन. कल्पना देखणी होती. लोरेन्ट्स यांनी दाखवून दिलं की असा पुंजका फार काळ एकत्र राहू शकत नाही. त्याच्यावर कसलाही जोर लागत नसला, त्याला कुणी अडवत नसलं, तरी तो आपोआप पसरत जातो.

तो का पसरतो हे समजायचं असेल तर आधी एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर हवं: लाटांच्या पुंजक्याचा वेग म्हणजे नेमका कशाचा वेग?

शांत तळ्यात दगड टाका आणि बाहेर सरकणाऱ्या वर्तुळांचा पट्टा पाहत राहा. पट्टा सावकाश सरकतो, पण त्याच्यातली एखादी लाट निवडून तिच्यावर नजर खिळवली तर काही वेगळंच दिसतं. ती लाट पट्ट्याच्या मागच्या कडेला उगवते, पट्ट्यातून पुढे धावते आणि पुढच्या कडेशी विरून जाते. तिच्या मागून दुसरी येते आणि तिचंही तेच होतं. म्हणजे इथे दोन वेग आहेत. एका शिखराचा वेग म्हणजे कलावेग, आणि शिखरांच्या अख्ख्या पट्ट्याचा वेग म्हणजे समूहवेग. खोल पाण्यातल्या लाटांचा समूहवेग कलावेगाच्या बरोबर निम्मा असतो. (अगदी बारीक लहरींना हा नियम लागू नाही. त्या गुरुत्वाकर्षणापेक्षा पाण्याच्या पृष्ठताणावर चालतात. म्हणून दगड जरा मोठा घ्यावा.)

मुक्त इलेक्ट्रॉनच्या लाटांमध्ये हा प्रकार उलटा होतो. तिथे शिखरं पुंजक्याच्या निम्म्या वेगाने चालतात. शिखर पुढच्या कडेला जन्मतं, पुंजका त्याला मागे टाकत पुढे जातो आणि मागच्या कडेशी ते नाहीसं होतं. पहिल्यांदा ऐकताना हे अशक्य वाटतं. पुंजका शिखरांचाच बनलेला आहे, मग सगळी शिखरं सावकाश चालत असताना पुंजका त्यांच्या दुप्पट वेगाने कसा धावेल? पाठ्यपुस्तकं इथे दोन ओळींचं गणित करून पुढे जातात. मला मात्र वाटतं की हे एकदा बोटावर मोजून पाहावं, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

दोन लाटा घेऊ. पहिलीची शिखरं १०० मीटरमध्ये १०० बसतात, म्हणजे दोन शिखरांत बरोबर १ मीटर अंतर. दुसरीची शिखरं तेवढ्याच जागेत १०१ बसतात, म्हणजे ती किंचित दाट. द ब्रॉय यांच्या नियमानुसार दाट लाटेचा संवेग जास्त असतो, आणि मुक्त कणासाठी श्रोडिंगरचं समीकरण सांगतं की शिखरांचा वेग लाटेच्या दाटपणाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पहिलीचा वेग सेकंदाला १०० मीटर धरला, तर दुसरीचा १०१ मीटर होतो. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेत, पण प्रमाण खरं आहे.

आता एका क्षणी दोन्ही लाटांची शिखरं एका जागी एकावर एक आली आहेत. तिथे लाटा एकमेकींना बळ देतात, म्हणून उंचवटा आहे. त्या जागेच्या पुढचं शिखर पाहा. पहिलीचं पुढचं शिखर १ मीटरवर आहे. दुसरी दाट असल्यामुळे तिचं पुढचं शिखर त्याच्या थोडं अलीकडे, एका मीटरच्या १०१ व्या भागाइतकं मागे आहे. पण दुसरी लाट सेकंदाला १ मीटर जास्त धावते, त्यामुळे सेकंदाच्या १०१ व्या भागात ती हे अंतर भरून काढते. तेवढ्यात पुढची जोडी जुळते आणि उंचवटा एक शिखर पुढे उडी घेतो. एका सेकंदात अशा १०१ उड्या होतात, प्रत्येक १ मीटरची. शिवाय पहिली लाट स्वतः १०० मीटर पुढे गेलेली असते. बेरीज २०१ मीटर. दोन्ही लाटा शंभराच्या आसपास चालतात आणि त्यांचा उंचवटा दोनशे एकच्या वेगाने धावतो!

पाण्यात उलटं का होतं, तेही याच हिशेबातून निघतं. खोल पाण्यात दाट लाट सावकाश चालते. दुसरी लाट सेकंदाला सुमारे अर्धा मीटर मागे पडते, म्हणून जुळणी पुढच्या जोडीकडे न जाता मागच्या जोडीकडे सरकते, सेकंदाला साधारण पन्नास वेळा. १०० मधून ५० वजा, उरले ५०. तळ्यातल्या पट्ट्याचा निम्मा वेग तो हाच.

गणिताच्या भाषेत सांगायचं तर कलावेग म्हणजे लाटेची वारंवारिता भागिले तिचा दाटपणा, आणि समूहवेग म्हणजे दाटपणा थोडासा वाढवला तर वारंवारिता किती वाढते त्याचं प्रमाण. मुक्त कणात वारंवारिता दाटपणाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १०० चा वर्ग १०,०००, त्याला १०० ने भागलं की १००. पण १०० वरून १०१ वर गेलं की वर्ग २०१ ने वाढतो. सारा फरक एवढाच आहे.

आता खरे आकडे घेऊ. १९२७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर यांनी ५४ व्होल्टने वेग दिलेले इलेक्ट्रॉन निकेलच्या स्फटिकावर सोडले आणि ते लाटांसारखे विशिष्ट कोनात उसळताना पाहिले. या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे १.६७ अँगस्ट्रॉम. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, साधारण अणूच्या मापाचं अंतर.) इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ४,३६० किलोमीटर. हा समूहवेग. श्रोडिंगरच्या समीकरणानुसार त्याच्या लाटेची शिखरं सेकंदाला २,१८० किलोमीटरने चालतात.

पण द ब्रॉय यांच्या मूळ हिशेबातून याच इलेक्ट्रॉनच्या शिखरांचा वेग सेकंदाला सुमारे २ कोटी किलोमीटर येतो, प्रकाशाच्या जवळपास सत्तर पट! विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. एकाच लाटेची शिखरं निम्म्या वेगानेही आणि प्रकाशाहून कितीतरी जलदही कशी चालतील? उत्तर असं की द ब्रॉय यांनी कणाच्या ऊर्जेत आइन्स्टाइनच्या सूत्रातली स्थिर वस्तुमानाची प्रचंड ऊर्जाही धरली होती, श्रोडिंगरच्या साध्या समीकरणात ती सोडून दिलेली असते. ऊर्जा मोजायला सुरुवात कुठून करायची हे आपल्या हातात आहे. सुरुवात बदलली की प्रत्येक लाटेच्या वारंवारितेत एकच ठरावीक आकडा मिळवला जातो आणि शिखरांचा वेग पार बदलून जातो. मात्र उंचवटा दोन वारंवारितांमधल्या फरकावर चालतो, आणि दोन्हींत सारखीच भर घातली तर फरक तेवढाच राहतो. म्हणून समूहवेग दोन्ही हिशेबांत सेकंदाला ४,३६० किलोमीटरच येतो. मोकळ्या इलेक्ट्रॉनचा कलावेग कुठल्याच उपकरणाने थेट मोजता येत नाही, आणि त्या वेगाने कुठला निरोपही जात नाही. इलेक्ट्रॉन एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचायला किती वेळ लागला हे मोजलं की जो वेग मिळतो तो समूहवेग. प्रकाशाहून वेगवान शिखरांमुळे सापेक्षतेचा कुठलाही नियम मोडत नाही.

आता पसरण्याकडे वळू. आपल्या दोन लाटांचा उंचवटा दर १०० मीटरवर पुन्हा येतो, कारण तेवढ्या अंतरावर त्या पुन्हा जुळतात. एकच उंचवटा ठेवायचा असेल तर मधल्या दाटपणाच्या आणखी लाटा मिसळाव्या लागतात. मग एका जागी सगळ्या जुळतात आणि बाकी सगळीकडे एकमेकींना पुसून टाकतात. उंचवटा जितका अरुंद हवा, तितकी ही पुसापुशी जवळच सुरू झाली पाहिजे, आणि त्यासाठी लाटांच्या दाटपणात तितका मोठा फरक लागतो. दहापट अरुंद पुंजक्याला दाटपणाची दहापट रुंद पट्टी लागते. यातून सुटका नाही. १९२७ मध्ये हायझेनबर्ग यांनी मांडलेलं अनिश्चिततेचं तत्त्व लाटांच्या याच गुणातून निघतं.

आणि दाटपणा वेगवेगळा म्हणजे समूहवेगही वेगवेगळा. पुंजक्याच्या दाट लाटांचा भाग पुढे निघतो, विरळ लाटांचा भाग मागे राहतो. शाळेच्या मैदानावर शर्यत सुटते तेव्हा सगळी मुलं एका रेषेवर असतात, आणि थोड्या वेळात त्यांची लांब रांग होते, तसंच. मात्र ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. मुलं रेषेवर दाटीने उभी राहिली म्हणून त्यांच्या वेगांतला फरक वाढत नाही. लाटांच्या पुंजक्यात वाढतो. सुरुवातीला तुम्ही त्याला जितकं घट्ट आवळाल, तितक्या जोराने तो पसरेल.

किती जोराने, ते मोजता येतं. घंटेच्या आकाराचा पुंजका घ्या. त्याच्यातल्या वेगांची तफावत काढायची तर प्लांकचा स्थिरांक (२π ने भागलेला) घ्यायचा आणि त्याला वस्तुमान व सुरुवातीची रुंदी यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचं. मग एक काटकोन त्रिकोण काढायचा. त्याची एक बाजू सुरुवातीची रुंदी, दुसरी बाजू वेगांची तफावत गुणिले गेलेला वेळ. त्याचा कर्ण म्हणजे आताची रुंदी. त्रिकोणाची दुसरी बाजू लहान असते तोवर कर्ण फारसा वाढत नाही, म्हणून सुरुवातीला पुंजका जवळपास जसाच्या तसा दिसतो. ती बाजू पहिलीहून मोठी झाली की रुंदी सरळ काळाच्या प्रमाणात वाढत जाते.

डेव्हिसन आणि जर्मर यांच्या वेगाचाच इलेक्ट्रॉन १ अँगस्ट्रॉम रुंदीच्या पुंजक्यात आवळला असं धरू. वेगांची तफावत सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर येते. एका सेकंदाच्या एक कोटी-कोटी भागांपैकी एक भागही खूप झाला; त्याच्या तेहतिसाव्या हिश्श्यात पुंजका दुप्पट रुंद झालेला असतो. आणि तो निर्वात पोकळीत एक सेकंदभर तसाच मोकळा राहिला, तर त्याचा मध्य ४,३६० किलोमीटर दूर गेलेला असेल आणि रुंदी ५८० किलोमीटर झालेली असेल. लोरेन्ट्स यांची हरकत किती गंभीर होती ते यावरून कळतं. ५८० किलोमीटर रुंद वस्तूला इलेक्ट्रॉन कोण म्हणेल?

मग जुन्या दूरदर्शन संचाच्या काचेवर चित्र स्पष्ट कसं उमटायचं? तिथेही इलेक्ट्रॉनच धावत होते. फरक सुरुवातीच्या रुंदीचा आहे. त्या नळीत वीस हजार व्होल्टच्या आसपास वेग मिळालेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ८ कोटी मीटर धावतो आणि तीसेक सेंटिमीटरचं अंतर जेमतेम ४ नॅनोसेकंदांत कापतो. त्याचा पुंजका आडवा ०.१ मिलिमीटर रुंद धरला, तर आडव्या वेगांची तफावत सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडी अधिक. ४ नॅनोसेकंदांत त्यातून २ नॅनोमीटर होतात. पुंजक्याची रुंदी आहे १ लाख नॅनोमीटर. त्रिकोणाची एक बाजू एक लाख आणि दुसरी दोन, मग कर्ण वाढणार किती? पडद्यावर कुणाच्याच नजरेला हे येणं शक्य नव्हतं.

वस्तुमानाचाही असाच परिणाम होतो. एक मिलिग्रॅमचा वाळूचा कण एक मायक्रॉन रुंदीच्या पुंजक्यात ठेवला, तर तो पुंजका दुप्पट व्हायला शंभर कोटी वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. टेबलावरचा दगड पसरताना दिसत नाही याचं कारण हेच.

अणूतल्या इलेक्ट्रॉनला मात्र हा हिशेब लावू नये. तो मुक्त नाही, केंद्रकाच्या ओढीने बांधलेला आहे, म्हणूनच अणू लाखो वर्षं आपल्या मापाचे राहतात. श्रोडिंगर यांनी ६ जूनला लोरेन्ट्स यांना उत्तर पाठवलं, तेव्हा त्यांच्याकडे अशाच एका बांधलेल्या कणाचं उदाहरण होतं. स्प्रिंगसारख्या ओढीत झुलणाऱ्या कणाचा पुंजका मुळीच पसरत नाही, तो आपला आकार राखून मागे-पुढे झुलत राहतो. श्रोडिंगर यांना आशा होती की हायड्रोजन अणूतही असंच जमेल. ते जमलं नाही. स्प्रिंगमध्ये ऊर्जेच्या पायऱ्या समान अंतरावर असतात, म्हणून सगळ्या लाटा ठरलेल्या काळानंतर पुन्हा जुळतात. हायड्रोजनच्या पायऱ्या तशा नाहीत, आणि मुक्त कणाला तर पायऱ्याच नाहीत.

या सगळ्याची चित्रं पाहताना मला नेहमी एक उणीव जाणवते. बहुतेक पुस्तकांत पसरणारा पुंजका म्हणजे हळूहळू सपाट होत जाणारी एक टेकडी काढलेली असते, जणू शाईचा थेंब पाण्यात विरतो आहे. त्या टेकडीतल्या लहरी काढलेल्या नसतात, आणि सगळी गोष्ट त्या लहरींतच आहे. पसरलेल्या पुंजक्याच्या पुढच्या भागात लहरी दाट असतात, मागच्या भागात विरळ. कुठली लाट किती प्रमाणात आहे यात तसूभरही बदल झालेला नसतो, त्यांची फक्त क्रमवार रांग लागलेली असते. विरलेली शाई परत गोळा होत नाही. इथे मात्र तसं नाही. विरळ लाटा पुढे आणि दाट लाटा मागे अशी रचना करून पुंजका सोडला, तर तो आधी आकसत जातो, सर्वांत अरुंद होतो आणि त्यानंतर पसरू लागतो.

श्रोडिंगर यांचं स्वप्न ज्या प्रश्नावर मोडलं, त्याची नवी बाजू त्याच उन्हाळ्यात माक्स बोर्न यांनी उलगडली. लाट म्हणजे इलेक्ट्रॉनचं अंग नाही. लाटेच्या उंचीचा वर्ग सांगतो की इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती आहे. ५८० किलोमीटर पसरलेल्या पुंजक्याचा अर्थ इलेक्ट्रॉन तेवढा फुगला असा होत नाही. तो कुठेही सापडला तरी एकाच ठिकाणी, पूर्ण विद्युतभारासह सापडतो.

पसरण्याचा हा वेग आता एकेका अणूवर तपासता येतो. लेसरच्या प्रकाशाने बनवलेल्या सापळ्यात लिथियमचा अणू जवळपास थिजवून धरतात, मग सापळा अचानक बंद करतात. ०.१ मायक्रॉन रुंदीत धरलेल्या लिथियमच्या वेगांची तफावत सेकंदाला सुमारे ५ सेंटिमीटर असते, म्हणजे दहा मायक्रोसेकंदांत त्याचा पुंजका पाचपटीहून अधिक रुंद होतो. मग दुसरा सापळा लावून अणू कुठे आहे ते पाहतात. दर वेळी तो एकाच जागी, एका ठिपक्यासारखा सापडतो. हाच प्रयोग पुष्कळदा करून सगळे ठिपके एकत्र मांडले की घंटेचा आकार उमटतो. सापळा जितका जास्त वेळ बंद ठेवला असेल, तितकी ती घंटा रुंद असते.